मिलिमीटरमागे बारा लिटर

पेट्रोल पंपावर सकाळी सहाला पाळी बदलते तेव्हा मॅनेजर किंवा त्याच्या भरवशाचा माणूस आवारातल्या लोखंडी झाकणापाशी जातो. झाकण उघडतो, डिप पाइपचं टोपण काढतो आणि खुणा कोरलेली लांब पितळी काठी सरळ खाली सोडतो. या काठीला डिप रॉड म्हणतात. पेट्रोल काठीवरून बघता बघता उडून जातं आणि ओली रेघ नीट दिसत नाही, म्हणून अंदाजाच्या जागी आधी पेस्ट लावलेली असते. पेट्रोल जिथवर पोचलं तिथवर पेस्टचा रंग बदलतो. काठीच्या तळाला दुसरी पेस्ट असते, ती पाणी ओळखण्यासाठी. तळ लागला की काठी बाहेर काढायची, रेघ वाचायची आणि आकडा वहीत लिहायचा. त्याच वेळी दुसरा कोणीतरी प्रत्येक नोझलच्या टोटलायझरचा आकडा उतरवून घेत असतो. टोटलायझर म्हणजे यंत्र बसवल्यापासून त्यातून गेलेल्या प्रत्येक लिटरची बेरीज. ती मागे फिरवता येत नाही, किंवा फिरवता येऊ नये म्हणून तिला सील असतं.

या दोन आकड्यांचा मेळ रोज घालावा लागतो. काठी सांगते जमिनीखाली किती आहे, टोटलायझर सांगतो किती विकलं गेलं. दोघांचं एकमत झालं पाहिजे, पण ते जवळजवळ कधीच होत नाही. जो फरक पडतो त्याला पंपावर सरसकट ‘उडालं’ म्हणायची पद्धत आहे. माझ्या मते त्यातलं बरंचसं उडालेलंच नसतं. ते का, हे आकड्यांतूनच पाहू.

उदाहरणासाठी बार्शीकडच्या रस्त्यावरचा एक मध्यम पंप धरू. त्याचे टँकर सोलापूरजवळच्या पाकणीच्या डेपोतून येतात. पेट्रोलची टाकी २० हजार लिटरची आहे. आडवं पिंप, व्यास २ मीटर, लांबी ६.३७ मीटर. पिंप आडवं असल्यामुळे काठीवरचा एक मिलिमीटर प्रत्येक उंचीला वेगळा भरतो. टाकी निम्मी भरलेली असेल तर पेट्रोलचा पृष्ठभाग सर्वांत रुंद असतो आणि एका मिलिमीटरमध्ये सुमारे पावणेतेरा लिटर मावतात. तळापासून २० सेंटिमीटरवर तेच साडेसात लिटर होतात. म्हणून प्रत्येक टाकीसोबत कॅलिब्रेशन चार्ट येतो. इतके मिलिमीटर म्हणजे इतके लिटर, असं त्यात ओळीनं दिलेलं असतं. मॅनेजर काठी मिलिमीटरमध्ये वाचतो आणि लिटर चार्टवरून घेतो.

आता एक साधा दिवस घेऊ, ज्या दिवशी टँकर आला नाही. सकाळचा डिप ९०० मिलिमीटर, चार्टप्रमाणे ८,७३४ लिटर. दुसऱ्या सकाळपर्यंत पहिल्या नोझलचा टोटलायझर १,४८२ लिटरनं पुढे गेला, दुसऱ्याचा १,१३८ लिटरनं. बेरीज २,६२०. मात्र सकाळी दोन्ही नोझल पाच लिटरच्या मापात तपासले होते आणि ते दहा लिटर परत टाकीत ओतले होते. मीटरनं ते मोजले, पण ते विकले गेले नाहीत. म्हणून खरी विक्री २,६१०. शिल्लक असायला हवी ६,१२४ लिटर. काठी ६९० मिलिमीटर दाखवते, म्हणजे ६,१२१ लिटर. तीन लिटर कमी.

वहीत ‘घट ३’ असं लिहिलं जातं आणि दिवस संपतो. पण या तीन लिटरना खरं तर काहीच अर्थ नाही. या उंचीला एक मिलिमीटर म्हणजे बारा लिटर. चांगल्या हाताचा माणूससुद्धा काठी मिलिमीटर-दोन मिलिमीटर इकडेतिकडे वाचतोच. काठी किंचित तिरकी गेली, तळाच्या गाळावर टेकली, पेस्टची कडा पसरली, की संपलं. शिवाय दिवसाचा हिशेब दोन डिपमधला असतो, त्यामुळे चुकाही दोन मिसळतात. एका दिवसाचा फरक २५ लिटरच्या आत असेल तर ‘तूट’ किंवा ‘वाढ’ म्हणायला आधार नाही. उद्या तोच पंप ‘वाढ १४’ दाखवेल, परवा ‘घट १९’.

टँकरच्या दिवशी मात्र खरंच काहीतरी घडतं. मे महिन्यातला दिवस. सकाळी साठा ६,१२१ लिटर. अकराच्या सुमारास टँकर आला. पावतीवर ८,००० लिटर पेट्रोल, चार-चार हजारांच्या दोन कप्प्यांत. सील बघितली, कप्प्यांत डोकावून पातळी खुणेपर्यंत आहे याची खात्री केली. टाकीची विक्री थांबवून डिप घेतला, ६०० मिलिमीटर, म्हणजे ५,०४९ लिटर. होज जोडून टँकर खाली केला, पेट्रोल स्थिरावू दिलं आणि पुन्हा डिप घेतला. १,२४० मिलिमीटर, म्हणजे १३,०३४ लिटर. आले ७,९८५, पावतीपेक्षा १५ कमी. दुसऱ्या सकाळपर्यंतची एकूण विक्री, टेस्टिंग वजा करून, २,६४०. हिशेबानं हवेत ६,१२१ अधिक ८,००० वजा २,६४०, म्हणजे ११,४८१. काठी १,११२ मिलिमीटर दाखवते, चार्ट ११,४३० म्हणतो. घट ५१ लिटर.

दिवसाच्या विक्रीच्या जवळजवळ दोन टक्के! मालक फोनवर विचारतो, कुठं गेलं? मॅनेजर म्हणतो, ऊन फार आहे साहेब, उडालं.

ऊन फार होतं हे खरं, पण त्यानं केलं ते वेगळंच. टँकरमधलं पेट्रोल ३६ अंशांवर होतं आणि जमिनीखालच्या टाकीतलं ३१ अंशांवर. दोन्ही मिसळून ३४ झाले. जमीन सावकाश उष्णता ओढून घेते, त्यामुळे दुसऱ्या सकाळी टाकीतलं तापमान साडेबत्तीसवर आलं. पेट्रोल थंड होताना आकसतं, हजार लिटरमागे एका अंशाला सुमारे १.२ लिटर. तेरा हजार लिटर दीड अंशानं निवले की साधारण २३ लिटर कमी होतात. यातलं थेंबभरही टाकीबाहेर गेलेलं नसतं. वजनानं मोजलं असतं तर ते पूर्ण भरलं असतं. पण पंपाचा सगळा व्यवहार लिटरमध्ये चालतो. मालकानं ३६ अंशांचे लिटर घेतले आणि तो बत्तीस-तेहतीस अंशांचे लिटर विकतो. तूट खरी आहे, पैसेही खरेच गेले, पण त्याला उडणं म्हणता येत नाही.

हे ओळखायचं कसं? टँकर खाली झाल्यावर आणि दुसऱ्या सकाळी टाकीतल्या पेट्रोलचं तापमान घ्यायचं, एवढंच. पंपावर घनता तपासण्यासाठी थर्मामीटर असतोच, पण स्टॉकच्या हिशेबासाठी तो क्वचितच कोणी वापरतो. थंडीत हाच खेळ उलटा होतो. जानेवारीत पहाटे भरलेला टँकर टाकीपेक्षा गार असेल तर पेट्रोल जमिनीखाली किंचित फुगतं आणि वहीत ‘वाढ’ दिसते. एखाद्या पंपाच्या वहीत उन्हाळ्यात घट आणि थंडीत थोडी वाढ असेल तर ती वही बहुधा प्रामाणिक आहे. (जाता जाता, सकाळी पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं असं म्हणणाऱ्यांनी हेही ऐकावं. टाकी जमिनीखाली असल्यामुळे तिच्यातलं तापमान सकाळ-दुपारमध्ये जेमतेम हलतं. पहाटे उठून वाचण्यासारखं त्यात फारसं नाही.)

मग खरोखर उडतं ते कुठं? पंपाच्या आवारात एका कडेला उंच पाइप उभे दिसतात, त्यांची तोंडं आकाशाकडे असतात. ते टाकीचे व्हेंट. टाकीत पेट्रोलच्या वर जी हवा असते ती पेट्रोलच्या वाफेनं गच्च भरलेली असते. टँकरमधून आठ हजार लिटर आत आले की तेवढीच वाफाळलेली हवा व्हेंटमधून बाहेर ढकलली जाते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा यासाठीचा आकडा असा, की भरण्याचा पाइप टाकीच्या तळापर्यंत नेलेला असेल तर प्रत्येक लिटरमागे सुमारे ०.८८ ग्रॅम वाफ जाते. पाइप आखूड असेल आणि पेट्रोल वरून उसळत पडत असेल तर १.३८ ग्रॅम. आपल्या टँकरमागे म्हणजे सात किलोच्या आसपास, द्रवात दहा-अकरा लिटर. टँकर खाली झाल्यावर जे १५ लिटर कमी दिसले त्यातले बरेचसे हेच असतील, बाकी काठीची चूक. याखेरीज टाकी दिवसभर श्वास घेते. विक्रीनं पातळी उतरली की बाहेरची कोरडी हवा आत येते, तिच्यात पेट्रोल मुरतं, हवेचं आकारमान वाढतं आणि थोडी वाफ पुन्हा बाहेर पडते. त्याचा आकडा लहान, लिटरमागे ०.१२ ग्रॅम. दोन्ही मिळून ग्रॅमभर. हे आकडे अमेरिकेचे आहेत. आपल्या उन्हात थोडे वाढतील, पण दहापट होणार नाहीत.

इथं एक गोष्ट भलतीकडे मोजली जाते. गाडीत पेट्रोल भरताना नाकाला जो वास येतो आणि टाकीच्या तोंडाशी हवा थरथरताना दिसते, ती वाफ बरीच जास्त असते, लिटरमागे १.३२ ग्रॅमच्या घरात. पण पंपाच्या तुटीशी तिचा काही संबंध नाही. ती गाडीच्या टाकीतली वाफ आहे, ग्राहकानं पूर्वी घेतलेल्या पेट्रोलची. मीटरमधून गेलेला लिटर विकला गेलेला आहे, त्यानंतर तो उडाला काय, सांडला काय, पंपाच्या वहीत फरक पडत नाही. मोठ्या शहरांतल्या अनेक पंपांवर ही वाफ नोझलमधूनच परत ओढून टाकीत सोडणारी यंत्रणा बसवलेली आहे. तिचा मालकाला थोडा फायदाच होतो. टाकीत कोरड्या हवेऐवजी आधीच भरलेली वाफ शिरते, मग टाकीतलं पेट्रोल कमी उडतं.

महिन्याचा हिशेब आता मांडता येईल. मेमध्ये पंपानं ७९ हजार लिटर पेट्रोल विकलं, दहा टँकर आले. रोजच्या घट-वाढीची बेरीज ४२० लिटर घट. विक्रीच्या ०.५३ टक्के. तेल कंपन्यांच्या मार्केटिंग डिसिप्लिन गाइडलाइन्स वर्षाला ६०० किलोलिटरपेक्षा जास्त पेट्रोल विकणाऱ्या पंपाला ०.६० टक्के हाताळणी-घट मान्य करतात, त्याहून कमी विकणाऱ्याला ०.७५. डिझेलसाठी हेच आकडे ०.२० आणि ०.२५ आहेत. पंप मर्यादेत आहे, कोणी विचारणार नाही.

पण मालकानं विचारावं. खरं उडालेलं, ग्रॅम-लिटरच्या हिशेबानं, १२० लिटरच्या आसपास. दहा टँकरचं आकसणं प्रत्येकी २३ धरून २३०. उरतात ७०. यांचा उगम बहुधा नोझलमध्ये असतो. पाच लिटरच्या मापात २५ मिलिलिटर इकडेतिकडे झालं तरी वजनमापाच्या कायद्याला चालतं. नोझल पाच लिटरमागे फक्त ५ मिलिलिटर जास्त देत असेल तरी महिन्याला ७९ लिटर ग्राहकांच्या गाड्यांत फुकट जातात. ते डोळ्यांना दिसत नाही, कोणी तक्रारही करत नाही. ‘उडालं’ या नावाखाली लिहिलेल्या ४२० लिटरपैकी खरोखर उडालेले तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी निघाले.

डिझेलकडे बघितलं तर हे जास्त स्पष्ट होतं, कारण डिझेल जवळजवळ उडतच नाही. आकसतं मात्र, हजार लिटरमागे अंशाला सुमारे ०.८५ लिटर. समजा याच पंपानं महिन्यात १,३५,००० लिटर डिझेल विकलं आणि घट ५५० लिटर आली. मर्यादा २७० लिटर. आता वही उलगडून बसायचं. टँकर आलेले ११ दिवस वेगळे काढले तर त्यांची घट ३००. तापमान आणि टँकरची तूट, काही प्रमाणात समजण्यासारखं. पण टँकर न आलेल्या १९ दिवसांची बेरीजही २५० घट आहे, दिवसाला सरासरी १३ लिटर. हे शून्याच्या आसपास हेलकावायला हवं होतं. १३ लिटर म्हणजे काठीवर एक मिलिमीटर, म्हणून कुठल्याच एका दिवशी ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बेरीज केल्याशिवाय ते दिसणारच नव्हतं. त्यात मोडता घालणारी एक रीत अशी की दुसऱ्या दिवसाचा हिशेब काठीच्या आकड्यापासूनच पुन्हा सुरू होतो, त्यामुळे कालची घट आजच्या पानावर दिसत नाही. चालू बेरजेचा वेगळा रकाना हातानं ठेवावा लागतो. सगळ्या वहीत मी सर्वांत महत्त्वाचा मानतो तो हाच रकाना.

१३ लिटर जातात कुठं? पहिली तपासणी फुकटची आहे. प्रत्येक डिझेल नोझल पाच लिटरच्या मापावर धरायचा. दिवसाला साडेचार हजार लिटर विक्रीत १३ लिटर म्हणजे पाच लिटरमागे १४ मिलिलिटर. कायद्याच्या मर्यादेत, तरीही पूर्ण तूट समजावून सांगणारं. माप तेवढं जास्त दाखवत असेल तर वजनमाप खात्याला बोलावून मीटर जुळवून घ्यायचा, सील मारून घ्यायचं आणि विषय संपला. माप बरोबर निघालं तर काळजीचं कारण. मग कमी विक्रीचे दिवस एका बाजूला आणि जास्त विक्रीचे दुसऱ्या बाजूला मांडायचे. मीटरची चूक विक्रीबरोबर कमीजास्त होते. गळती विक्री बघत नाही, ती रविवारीही तेवढीच असते. दोन्ही गटांत घट सारखीच येत असेल तर टाकी किंवा तिच्यापासून यंत्रापर्यंतची पाइपलाइन संशयित. रात्री विक्री बंद ठेवून दोनदा डिप घेतला की गळती सापडेल असं अनेकांना वाटतं. सहा तासांत जातील तीन लिटर, म्हणजे पाव मिलिमीटर. काठी ते सांगूच शकत नाही. त्यासाठी दाबाची चाचणीच करावी लागते.

पावसाळ्यात गळकी टाकी कधी उलटं बोलते. भूजल वर आलं की भोकातून पाणी आत शिरतं आणि वहीत घटीऐवजी वाढ येऊ लागते. वाढ बघून मॅनेजर खूश होतो, ते धोक्याचं आहे. डिझेलमध्ये पाणी तळाशी बसतं आणि पाण्याची पेस्ट ते लगेच सांगते. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, ते थोडं पाणी स्वतःत मुरवून घेतं, आणि प्रमाण वाढलं की पाणी व इथेनॉल दोन्ही एकत्र होऊन खाली बसतात. तेव्हा त्या मिश्रणाला चालणारी पेस्टच वापरावी लागते. साधी पेस्ट तिथं फसवू शकते.

घट कधी पातळीबरोबर बदलताना दिसते, टाकी भरलेली असताना वाढ आणि रिकामी होताना घट. तिथं पेट्रोल हललेलं नसतं, टाकी हलली असते. एक टोक खचलं की काठीचा आकडा आणि चार्ट यांची जोडी मोडते, कारण चार्ट सपाट टाकीसाठी केलेला असतो.

आणि काही वह्या अशा असतात ज्यांत काहीच गडबड नसते. रोज घट ३, घट ४, घट ३, घट २. महिनाभर एकसारखी. वाचायला किती छान! पण बारा लिटरच्या मिलिमीटरवर उभी असलेली काठी रोज तीन-चार लिटरच्या आत उत्तर देऊच शकत नाही. अशा वहीत मॅनेजरनं हिशेब आधी केला, मान्य घट वजा केली आणि त्यावरून मिलिमीटर शोधून डिपच्या रकान्यात लिहिले. काठी बहुधा कोपऱ्यात उभी असते. खरी वही हेलकावते, एक दिवस २२ खाली, दुसऱ्या दिवशी १६ वर. तपासणीला आलेल्या माणसानं गुळगुळीत वहीचाच संशय आधी घ्यावा. टेस्टिंगचा रकानाही असाच बघावा. रोज २० लिटर टेस्टिंग लिहिलं जातं आणि टाकीत १० परत येतात, तर उरलेले १० कोणाच्या तरी डब्यात जातात आणि वर्षभर ‘उडालं’ मध्ये खपतात.

आता अनेक पंपांच्या टाकीत कायमचा दांडा बसलेला असतो. त्यावरचा तरंगता गोळा पातळी सांगतो, दुसरा गोळा पाण्याची पातळी सांगतो, आणि सोबत तापमानही येतं. आकडा मिलिमीटरच्या अंशापर्यंत मिळतो, हात थरथरत नाही, आकसणं वेगळं काढता येतं. तरी हा दांडा लिटर मोजत नाही, उंचीच मोजतो, आणि लिटर काढतो ते मशीनमध्ये भरलेल्या चार्टवरूनच. चार्ट चुकीचा भरला असेल तर चूक दशांश चिन्हापर्यंत नेमकी येते. त्यामुळे दांडा बसवल्यावरही पितळी काठीचा डिप घेऊन दोन्ही आकडे शेजारी लिहावेत आणि त्यांच्यातला फरक टाकी भरलेली असताना, निम्मी असताना आणि तळाला आलेली असताना वेगवेगळा तपासावा. तीनही ठिकाणी फरक सारखाच असेल तर दांडा किंवा काठी यांपैकी एकाचं शून्य सरकलेलं आहे. प्रत्येक ठिकाणी वेगळा असेल तर टाकी पुन्हा कॅलिब्रेट करून घ्यावी लागते, आणि तोवरच्या महिन्यांची घट कोणत्याही रकान्यात टाकता येत नाही.